चौसष्ट पिक्सेलची नथ

लग्नाच्या अल्बमचं काम संपत आलं होतं. नवरीची आई स्टुडिओत आली, टेबलावरचा मोठा पोर्ट्रेट बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "दादा, हा सगळ्यात छान आलाय, पण हिच्या नाकात नथच नाही हो." खरंच नव्हती. विधी आटोपल्यावर नाक दुखतंय म्हणून मुलीने नथ काढून ठेवली आणि नेमका त्यानंतर, खिडकीपाशी, तो फोटो काढला गेला. नथ आजीची. आजी आता नाही. भिंतीवर लावायचा फोटो नथीशिवाय कसा चालेल?

"आमच्याकडे नथीतला फोटो आहे की," असं म्हणून ताईंनी मोबाइल पुढे केला. कुणा पाहुण्याने मंडपात काढलेला, चार ग्रुपमधून फिरून आलेला फोटो. लांबीला १६०० पिक्सेल, त्यात सहा जणी उभ्या. झूम करून नथ मोजली, तर या टोकापासून त्या टोकापर्यंत चौसष्ट पिक्सेल.

एका फोटोतली वस्तू दुसऱ्यात बसवणं हे आमच्या धंद्यातलं रोजचं काम. मृत वडिलांना कुटुंबाच्या फोटोत आणायचं, बिनटोपीच्या माणसाला टोपी घालायची, असल्या गोष्टी आम्ही येता-जाता करतो. कापणं आणि बसवणं कुणालाही शिकवता येतं. अडतं ते पुढे. बारीक फोटोतून आणलेली वस्तू मोठी केली की ती मऊ पडते. शेजारी पापणीचा केस न् केस दिसतो आणि नथ मात्र साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत. ज्याला फोटोतलं काही कळत नाही, तोही म्हणतो, "हे चिकटवल्यासारखं वाटतंय."

म्हणून कामाला हात लावण्याआधी मी दोन प्रश्न विचारतो. पहिला, मूळ फाइल मिळेल का? ज्या पाहुण्याने फोटो काढला, त्याच्या फोनमध्ये तो पूर्ण आकारात असतो. तो फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवला की आकुंचन पावत नाही. या एका फोनकॉलने वाचणारं काम दिवसभराच्या कारागिरीने होत नाही. इथे पाहुणे फोन बदलून मोकळे झाले होते.

दुसरा प्रश्न, छापायचं केवढं? आमचा पोर्ट्रेट चोवीस मेगापिक्सेलचा, उभा, ४००० बाय ६००० पिक्सेल. अंतर आणि लेन्स बघता चेहऱ्यापाशी एका मिलिमीटरला साधारण दहा पिक्सेल पडत होते. अडीच सेंटिमीटरची नथ म्हणजे अडीचशेच्या वर. मी २५६ धरले. चौसष्टाचे दोनशे छप्पन्न, सरळ चौपट. पण ताईंना चार बाय सहा इंचांचीच प्रत हवी असती, तर? इंचाला तीनशे पिक्सेल या हिशेबाने ती प्रत १२०० बाय १८०० ची होते आणि नथ सत्त्याहत्तर पिक्सेलची. चौसष्टाचे सत्त्याहत्तर करणं म्हणजे काहीच नाही, मऊपणा कुणाला दिसलाही नसता. कित्येक जण हा हिशेब न करता पडद्यावर झूम करून तासन् तास झुंजतात आणि शेवटी फोटो पाकिटाएवढा छापला जातो. ताईंना मात्र बारा बाय अठरा इंचांची फ्रेम हवी होती. तिथे नथ दोनशे तीस पिक्सेलची, छापून जवळजवळ दोन सेंटिमीटर. सुटका नव्हती.

चौपट मोठं करायचं म्हणजे आधी जिथे एक ठिपका होता, तिथे सोळा ठिपके हवेत. एक माहीत आहे, पंधरा नाहीत. सॉफ्टवेअर ते शेजाऱ्यांच्या सरासरीने भरतं: इकडे पांढरा, तिकडे तपकिरी, मग मध्ये बदामी. कोणतीही पद्धत निवडली तरी गाभा हाच. आता मूळ फोटोत मोत्याची कड बघा. मोती संपून कातडी सुरू व्हायला तिथे दोन पिक्सेल लागत होते. चौपट केल्यावर तोच बदल आठ पिक्सेलवर पसरला. शेजारच्या पोर्ट्रेटमध्ये तेवढ्याच बदलाला तीन-चार पिक्सेल पुरतात. डोळा याला मऊपणा म्हणतो. मोत्यात बारकावे कमी आहेत, हे बघणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. कड रुंद आहे, हे मात्र क्षणात कळतं. माझं सगळं काम या एका निरीक्षणावर चालतं: वस्तू खरोखर तपशीलवार करायची नसते, तिची कड आणि तिचा ग्रेन शेजाऱ्याइतका करायचा असतो.

शेजारी म्हणजे कोण, इथेच नवशिके चुकतात. ते पापणीशी तुलना करतात, कारण पापणी सगळ्यात कडक दिसते. पण हा पोर्ट्रेट ८५ मिलिमीटरच्या लेन्सने, दोनचं छिद्र ठेवून, दीड मीटरवरून काढलेला. अशा वेळी जेमतेम चार सेंटिमीटर खोलीचा पट्टा फोकसमध्ये असतो. फोकस डोळ्यावर होता, म्हणजे अर्धा पट्टा डोळ्याच्या पुढे, अर्धा मागे. नाकाचा शेंडा त्या पट्ट्याच्या पुढच्या काठावर येतो आणि नथ तर नाकाच्याही किंचित पुढे लोंबते. खरी नथ घातलेली असती, तरी ती या फोटोत पापणीइतकी धारदार आलीच नसती. तिला पापणीइतकी केली, तर ती पुन्हा चिकटवल्यासारखीच दिसेल, फक्त उलट कारणाने. मी नाकपुडीची कड दोनशे टक्के झूम करून मोजली: चार पिक्सेल. पापणीपाशी अडीच-तीन. माझं लक्ष्य चार ठरलं. आठाचे चार करायचे, तीन नाही.

नथ कापून मोठी करण्याआधी तिचा मळ काढला. जेपेग फाइल चित्राचे आठ बाय आठचे चौकोन पाडून साठवते. जास्त दाबलेल्या फोटोत त्या चौकोनांच्या रेघा आणि कडेभोवती माशा घोंगावल्यासारखे डाग राहतात. हे आहेत तसे मोठे केले, की बत्तीस पिक्सेलच्या फरश्या बसवल्यासारखं दिसतं आणि मग कोणी त्यावर शार्पनिंग मारलं की फरशीचे सांधेही उठतात. रंगाची गोष्ट त्याहून वाईट. अशा फोटोत उजेड पूर्ण साठवलेला असतो, पण रंग सहसा अर्ध्याच मापात. म्हणजे चौसष्टातल्या नथीचा रंग बत्तीसातच होता. म्हणून मधल्या लाल खड्याचा लाल रंग शेजारच्या सोन्यावर ओघळलेला. मी रंगाचा वेगळा लेअर केला, त्यात खड्याचा लाल खड्यापुरता हाताने भरून घेतला आणि सोन्यावरचा पुसला. डाग काढताना एक पांढरट-पिवळा ठिपकाही पुसला. तो पुढे निघेल.

मग चौपट केली, Bicubic Smoother वर. हीच निवड करायला हवी असं नाही. चौपटीला बहुतेक पद्धती सारख्याच मऊ असतात, ही निदान कडेला कंगोरे आणत नाही.

कडेचं काम सगळ्यात हमखास आणि सगळ्यात कमी केलं जातं. कापलेल्या नथीची बाहेरची कड मी मोठ्या केलेल्या चित्रातून घेतलीच नाही. पेन टूलने तिचा बाह्याकार नव्याने काढला: तारेचा आकडा, मोत्यांची कमान, खाली लोंबणारा झुपका. अशा रेषेला पिक्सेल नसतात, ती कितीही मोठी केली तरी मऊ पडत नाही. रेषेवरून मास्क केला आणि मास्कला साधारण एक पिक्सेलचा ब्लर दिला. मास्क कोरा करकरीत ठेवला, तर कड कातरीने कापल्यासारखी दिसते. आपल्याला नाकपुडीइतकाच मऊपणा हवा आहे, म्हणून चार पिक्सेल होईपर्यंत थोडं थोडं वाढवलं. रेषा काढताना मी मुद्दाम दोन-तीन पिक्सेल आत राहिलो. मूळ फोटोत नथीमागे दुसरी कातडी, दुसरा उजेड होता आणि तो कडेच्या ठिपक्यांमध्ये मिसळलेला. चौपट झाल्यावर त्याची फिकट किनार सहा-सात पिक्सेलची होते. ती बाहेर ठेवायची. नथ केसभर बारीक झाली, तर ती परत ओढून पूर्ण मापाला आणता येते.

या एका पायरीनंतरच नथ निम्मी सुधारली. आत सगळं मऊच होतं, पण लांबून बघताना आता ती फोटोत बसलेली वाटत होती.

आतलं काम मोत्यांचं. मूळ फोटोत एकेक मोती पाच-सहा पिक्सेलचा, मोठा केल्यावर बावीसचा. पांढरट गोळे. मोती मोती वाटतो तो दोन गोष्टींमुळे: त्याच्यावर उजेडाचा एक बारीक, कडक ठिपका असतो आणि दोन मोत्यांच्या मधली फट काळी असते. मऊ झाल्यावर ठिपका पसरून मळकट होतो आणि फटीतला काळोख शेजारच्या पांढऱ्यात मिसळून बदामी होतो.

इथे बरेच जण Unsharp Mask घेतात आणि नेहमीचीच त्रिज्या ठेवतात, पिक्सेलच्या आत-बाहेर. काही होत नाही. मग टक्केवारी वाढवतात, तरी मोती मऊच राहतात, फक्त खरखर वाढते. कारण मऊपणा आठ पिक्सेल रुंद आहे आणि अवजार पाऊण पिक्सेलचं. चौपट केल्यावर त्रिज्याही त्याच पटीत वाढवावी लागते. मी तीनची ठेवली, टक्केवारी सत्तरच्या आत. त्याने फटी काळ्या झाल्या, मोत्यांना गोलाई आली. मोत्यांभोवती पांढरी रिंगण दिसायला लागली की समजायचं, आता पुरे. तिथून एक पाऊल मागे. (या फिल्टरच्या नावातलं 'अनशार्प' गमतीचं नाही. अंधाऱ्या खोलीत मूळ निगेटिव्हची मुद्दाम धूसर प्रत काढून ती त्याच्यावर लावत आणि त्यातून प्रिंट कडक येई. धूसर मुखवट्याने कडकपणा आणायचा, ही युक्ती संगणकाच्या आधीची.)

तरीही मोती मोती वाटेनात. मग माझं लक्ष नवरीच्या गळ्याकडे गेलं. तिने चिंचपेटी घातली होती. मोत्यांचे मोती, त्याच कॅमेऱ्यातले, त्याच खिडकीच्या उजेडातले, त्याच क्षणाचे. एकेक तीस पिक्सेलच्या आसपास. याहून चांगला दाता कुठे मिळणार? गळा डोळ्यांच्या थोडा मागे असल्याने ते जरासे मऊ होते, पण तीसाचे बावीस करायचे म्हणजे लहान करायचे, आणि लहान केलं की मऊपणाही त्याच प्रमाणात आकसतो. मोठं करताना माहिती बनवावी लागते, लहान करताना ती फक्त दाटते. म्हणून दुसऱ्या फोटोतून आणण्याआधी मी आधी त्याच फोटोत शोधतो. ब्लाउजच्या काठावरची जर, मंगळसूत्राची वाटी, बांगडीचं सोनं, सगळं कामाला येतं.

चार वेगवेगळे मोती उचलले, लहान केले आणि नथीच्या कमानीवर एकाआड एक बसवले. एकच मोती चौदा वेळा लावला, तर डोळा फसत नाही. छापील कापडासारखी पुनरावृत्ती लगेच कळते. पण वेगळेपणासाठी मोती फिरवायचा किंवा उलटा करायचा मोह टाळावा लागतो. फिरवला की उजेडाचा ठिपकाही फिरतो, आणि खिडकी डावीकडे असताना एका मोत्यावर उजवीकडून उजेड पडतो. असला मोती कुणालाही नेमका दाखवता येत नाही, पण नथ खोटी वाटते. मोठी केलेली जुनी नथ मी खाली ठेवलीच होती. नवे मोती तिच्यावर पूर्ण झाकण म्हणून नाहीत, ऐंशी टक्के. जागा, माप आणि उतार जुन्या नथीचे, चकाकी नव्या मोत्यांची. तारेचं सोनं आणि लाल खडा जुनेच ठेवले. खड्यावर तीन पिक्सेलच्या कडक ब्रशने एक पांढरा बिंदू दिला. एवढ्या एका बिंदूने खडा ओला झाल्यासारखा चमकला. वरच्या ओठावर नथीची सावली टाकली, मऊ आणि अगदी हलकी.

आता कड बरोबर, मोती बरोबर. तरी नथ प्लॅस्टिकची दिसत होती. कारण ग्रेन. हा फोटो आयएसओ ८०० वर काढलेला, गालावर झूम केलं तर बारीक रवा दिसतो. मोठ्या केलेल्या भागात तो रवा नसतो, सरासरीत विरघळून जातो. हा फरक अंदाजाने भरून काढायचा नसतो, मोजता येतो. हिस्टोग्रामच्या खिडकीत Std Dev नावाचा आकडा असतो. निवडलेल्या तुकड्यातले ठिपके सरासरीपासून किती इकडेतिकडे आहेत, ते तो सांगतो. गालाचा सपाट, सारख्या उजेडाचा तुकडा निवडला: ३.२. मोठ्या केलेल्या मोबाइल फोटोतला तसाच कातडीचा तुकडा: ०.९. तुकड्यात सावलीचा उतार आला, तर आकडा फुगतो, म्हणून तो लहान आणि सपाटच घ्यायचा.

नथीवर पन्नास टक्के राखाडीचा लेअर ठेवला, ओव्हरले मोडमध्ये, आणि त्यावर Add Noise, एकरंगी. मग त्या रव्याला अर्ध्या पिक्सेलचा ब्लर. कॅमेऱ्यातला ग्रेन कधीच एकेका पिक्सेलचा सुटा नसतो, तो जरा जुळलेला, गुठळीदार असतो. ब्लर न देता टाकलेला रवा टीव्हीवरच्या मुंग्यांसारखा वेगळा पडतो. आकडा गालाच्या जवळ येईपर्यंत वाढवला. चिंचपेटीतून आणलेल्या मोत्यांवर मात्र मास्क लावून रवा कमी ठेवला, कारण त्यांच्याकडे स्वतःचा होता. एक सूचना: हे सगळं शेवटच्या मापावर करायचं. आधी ग्रेन टाकून मग फोटो लहान केला, तर टाकलेला ग्रेन चाळणीतून गाळल्यासारखा निघून जातो. म्हणून मी आधी ३६०० बाय ५४०० ची प्रत केली आणि रवा त्यावर टाकला.

तपासायला माझी एक जुनी युक्ती आहे. सगळ्याच्या वर एक तात्पुरता कर्व्हचा लेअर ठेवायचा आणि कॉन्ट्रास्ट वाट्टेल तेवढा ताणायचा. फोटो भयानक दिसतो. पण जिथे ग्रेन जुळत नाही, तो तुकडा नकाशातल्या बेटासारखा उठून येतो. माझ्या नथीत तारेच्या आकड्यापाशी असं एक बेट निघालं. मास्क तिथे अपुरा पडला होता. ते भरलं, लेअर काढून टाकला. मग पडद्यावर विश्वास न ठेवता नाका-ओठांचा तेवढाच तुकडा छपाईच्या खऱ्या मापात काढून हातात घेतला. दोनशे टक्क्यांवर खटकणाऱ्या कित्येक गोष्टी कागदावर दिसत नाहीत आणि शंभर टक्क्यांवर निसटलेली एखादी कागदावर दिसते.

प्रत्येक वस्तूला हा उपाय चालत नाही, हे सांगून ठेवतो. नथीत मी मोती बनवू शकलो, कारण मोती कसा असतो हे मला माहीत आहे आणि तो शेजारी होता. कुणी चौसष्ट पिक्सेलचं पदक आणून त्यावरची अक्षरं वाचता येतील असं करा म्हटलं, तर मी नाही म्हणतो. ती अक्षरं त्या फोटोत नाहीतच. मी काढली, तर ती माझी असतील. घड्याळाची तबकडी, नाण्यावरचा शिक्का, लांबचा चेहरा, सगळ्यांचं तेच. अलीकडची मोठं करून देणारी सॉफ्टवेअरं तिथे अंदाजाने काहीतरी कोरतात आणि ते इतकं खात्रीचं दिसतं की गिऱ्हाईक खुश होतं. सराफाच्या कॅटलॉगला तर नथीचंही असं काम मी घेत नाही, तिथे लोक फोटो बघून पैसे देतात.

आठवड्याने ताई आल्या. फ्रेम टेबलावर ठेवली. त्या जवळ वाकल्या, लांब गेल्या, परत वाकल्या. मी श्वास धरून. "अगदी खरी वाटते," म्हणाल्या. मग बोटाने काच न टेकवता नथीच्या कमानीवर एका जागी थांबल्या.

"पण हा मोती?"

"काय झालं त्याला?"

"सासूबाईंच्या नथीतला एक मोती पडला होता, खूप वर्षांपूर्वी. त्यांनी दुसरा बसवून घेतला, तो जुळला नाही. जरा पिवळा होता. आम्ही सगळे हसायचो त्यांना."

मी फाइल उघडली. मूळ मोबाइल फोटो, पुन्हा झूम. कमानीत खालून चौथा मोती, पाच पिक्सेलचा. तिथे तो पांढरट-पिवळा ठिपका. जेपेगचा डाग म्हणून मी स्वतः पुसलेला. आकार सांगायला पाच पिक्सेल कमी पडतात, पण हा मोती बाकीच्यांहून पिवळा आहे, एवढं सांगायला ते पुरेसे होते आणि ते सांगतही होते.

रंगाच्या लेअरवर मूळचा पिवळा परत आणला, त्या एका मोत्यापुरता. दहा मिनिटांचं काम. संध्याकाळी नवी प्रत काढली आणि पहिली फ्रेमच्या मागे पुठ्ठा म्हणून घातली.